कृपया चष्मा पुसू नका

पावसाळ्यात चष्मेवाल्या माणसाला बिनचष्म्याची माणसं एकच सल्ला देतात : “अहो, पुसा की तो चष्मा!” सल्ला देताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की जणू पुसायची कल्पना आम्हाला आजवर सुचलीच नव्हती आणि इतकी वर्षं आम्ही थेंबांच्या पडद्याआडून जग बघत होतो ते केवळ हौसेने. मी गेली तीस वर्षं चष्मा लावतो आहे. नंबर उणे साडेसहा. आमच्या बँकेत कुठल्याही खात्याला अशी उणे शिल्लक तीस वर्षं ठेवू दिलेली नाही. पण डोळ्यांच्या खात्याला वसुली अधिकारी नसतो. तेव्हा पुसण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे, आणि त्या अनुभवाच्या जोरावर मी आज जाहीर तक्रार नोंदवतो आहे.

तक्रार एका वाक्यात अशी : पावसात चष्मा पुसणं हीच काही न दिसण्याची सुरुवात आहे. दुसरं वाक्य जोडायची परवानगी असेल तर असं : चष्मा पुसावाच लागू नये म्हणून दुकानदार आपल्याला पाणी झटकणारा लेप विकतो, आणि तो लेप मरतो तो आपल्या पुसण्यानेच. बाकीचा मजकूर हा या दोन वाक्यांचा हिशेब आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तो जुळवल्याशिवाय मला झोप लागत नाही.

आता मूळ प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी जुलैतली संध्याकाळ. आठ वाजले असतील. डोंबिवलीला उतरून स्टेशनाबाहेर आलो तर पाऊस असा, की छत्री ही एक श्रद्धेची बाब उरली होती. समोरचा रस्ता ओलांडून रिक्षांच्या रांगेत उभं राहायचं होतं. चष्म्यावर थेंबच थेंब. मागून एक गृहस्थ म्हणाले, “पुसा की राव, अडवून ठेवलाय रस्ता!” मी पुसला. कशाने पुसला? रुमालाने. त्या रुमालाचा त्या दिवसाचा जमाखर्च सांगायला हवा. सकाळी त्याने गाडीतली ओली सीट पुसली होती. दुपारी बटाटेवड्यानंतर हात पुसले होते. परतीच्या गाडीत मानेवरचा घाम पुसला होता, आणि तो घाम काही निव्वळ घाम नव्हता. त्यात सकाळी डोक्याला चोपडलेल्या खोबरेल तेलाचा वाटा होता. हा असा बहुउद्देशीय रुमाल मी दोन्ही काचांवरून आडवा फिरवला.

थेंब गेले. त्यांच्या जागी तेलाची रांगोळी आली. पुसण्याच्या रेघा आडव्या पडल्या तर दिव्याचा उजेड उभा फाकतो, हे मला त्या क्षणी कळलं. समोरच्या प्रत्येक दिव्याला वर-खाली शेपटी फुटली. मला दोन दिवे दिसले, त्यांच्या शेपट्या दिसल्या, आणि मी मनाशी म्हटलं की ही एक मोटार आहे, लांब आहे, निघायला हरकत नाही. मोटार नव्हती. त्या दोन स्कूटर होत्या आणि लांब तर अजिबात नव्हत्या. पहिली वळसा घालून गेली. दुसरीचं हँडल माझ्या छत्रीत अडकलं, छत्रीच्या दोन काड्या मोडल्या आणि स्कूटरवाल्याने थांबून माझ्या घराण्याची चौकशी केली. मोडल्या त्या छत्रीच्या काड्या. एक पाऊल पुढे असतो तर हा लेख मी पाय टांगलेल्या अवस्थेत लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

घरी आल्यावर बायकोने छत्री बघितली, मग मला बघितलं, आणि त्याच क्रमाने विचारपूस केली. हकिगत ऐकल्यावर मात्र ती हसली नाही. “अहो, उद्याच्या उद्या चष्मेवाल्याकडे जा,” ती म्हणाली. “हल्ली पाणी न थांबणाऱ्या काचा मिळतात.”

गेलो. चष्मेवाले गृहस्थ मोठे उत्साही. त्यांनी एक साधी काच आणि एक लेपाची काच समोर ठेवली. खिशातून जाड मार्कर काढून दोन्हींवर रेघ ओढली. साध्या काचेवर रेघ सरळ उमटली. लेपाच्या काचेवर शाईने अंग चोरलं आणि तिचे बारीक ठिपके झाले. मग ड्रॉपरने पाण्याचा एक टपोरा थेंब सोडून त्यांनी काच जरा कलती केली. थेंब मोत्यासारखा गोल राहिला आणि मागे काहीही न ठेवता घरंगळून गेला. “साहेब,” ते म्हणाले, “अळवावरचं पाणी!” उपमा ऐकून मी विरघळलो. नव्या काचा, आणि लेपाचे ९५० रुपये वेगळे.

चार दिवसांनी पाऊस आला. मी मुद्दाम प्लॅटफॉर्मवर छप्पर संपतं तिथे जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांत दोन्ही काचा मोत्यांनी मढल्या. थेंब खरोखरच गोल, घाटदार, दुकानात दाखवले होते तस्से होते. फक्त ते घरंगळत नव्हते. जिथे पडले तिथे मुक्काम ठोकून बसले होते. प्रत्येक थेंब म्हणजे एक फुगीर भिंग. म्हणजे माझ्या उणे नंबरच्या काचेवर वरुणराजाने दोनेकशे अधिक नंबरची भिंगं चिकटवून दिली होती. इंडिकेटरवरची गाडी फास्ट की स्लो, हे मला शेजारच्या शाळकरी पोराला विचारावं लागलं. साध्या काचेवर पाणी निदान पसरून तरी जायचं, आणि पसरलेल्या पाण्याच्या सपाट पापुद्र्यातून थोडंफार दिसायचं. मी ९५० रुपये देऊन जास्त गोल थेंब विकत घेतले होते.

बँकेत आमचे कॅशियर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दीड वर्षापूर्वी त्यांनीही हा लेप घेतला होता. ते म्हणाले, “अहो, शुद्ध लूट आहे ही! माझ्या काचेवर तर आता मोतीसुद्धा होत नाहीत. नुसतं डबकं.” मीही त्यांच्याबरोबर दोन दिवस लूट-लूट म्हणत हिंडलो. पण हिशेब जुळत नव्हता. दुकानातला थेंब मी या डोळ्यांनी घरंगळताना पाहिला होता. तोच थेंब माझ्या नाकावर येऊन असा हट्टी का झाला?

कारण दुकानात तो थेंब होता ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि माझ्या चष्म्यावर होते मोहरीएवढे. सगळी गोम या धान्यबाजारात आहे. थेंब खाली ओढला जातो तो त्याच्या वजनाने, आणि काचेला धरून राहतो तो त्याच्या कडेने. थेंब लहान असला की वजन फारच थोडं आणि त्या मानाने कडेची पकड भारी. ज्वारीएवढा झाला की वजन जिंकतं आणि तो निघतो. लेपामुळे कडेची पकड ढिली होते हे खरं, पण नाहीशी होत नाही. पाऊस काही ड्रॉपरने मोजून टपोरे थेंब काचेवर ठेवत नाही. थेंब काचेवर आपटतात, फुटतात आणि बारीक तुषार मागे सोडतात. वाराही मोहरीच घेऊन येतो. चारपाच मोहऱ्या शेजारी पडून एक झाल्या, की मग कुठे एक ज्वारी घरंगळते.

अण्णा म्हणाले, “मग मोटारीच्या काचेला हेच लावतात, तिथे कसं चालतं?” तिथे वारा असतो, अण्णा. मोटारीच्या काचेवर असा लेप लावला, तर ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेग आल्यावर समोरचा वारा थेंबांना ढकलत वर नेतो. मी ब्रिजवरून ताशी पाच किलोमीटरने चालतो, तेही पुढचा माणूस हलला तर. आणि आत्ताच सांगून ठेवतो, तो मोटारीच्या काचेचा द्रव आणून चष्म्याला चोळायचा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांनी तो सोडावा. तो खऱ्या काचेसाठी असतो. आपल्या चष्म्याची ‘काच’ बहुधा प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर आधीच तीनचार प्रकारचे थर असतात. त्यातली द्रावकं या थरांवर काय परिणाम करतील ते बघायला लागणारा पैसा आपला असतो.

राहता राहिली अळवाच्या पानाची उपमा. श्रावणात घरी अळूवड्यांची तयारी चालली होती. मी ओट्यावरचं एक पान उचललं आणि त्यावर नळाचे चार थेंब सोडले. काय सांगू! मोहरीएवढा थेंबसुद्धा पाऱ्यासारखा पळत होता. याचं कारण असं, की अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेण असतं. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवाच असते. शास्त्रज्ञ थेंबाची कड पृष्ठभागाशी किती अंशांचा कोन करते ते मोजतात; अळवावर तो दीडशेच्या वर जातो, चष्म्याच्या चांगल्या लेपावर ११०च्या आसपास थांबतो. चष्म्याची काच अळवासारखी खडबडीत करता येत नाही, कारण ते नाजूक उंचवटे रोजच्या पुसण्यापुढे टिकायचे नाहीत. तेव्हा चष्मेवाल्यांची उपमा सुंदर होती, पण चाळीस अंशांनी चुकली होती.

पुढे मी आणखी एक गोष्ट केली, आणि खरा धडा त्यात होता. पानाच्या मधोमध मी अंगठ्याने चांगलं खसाखसा चोळलं आणि पुन्हा थेंब सोडला. थेंब बसला. हलेना. कडेचे थेंब पळत होते आणि मधला पाय पसरून ठाण मांडून होता. “अहो, पान फाटेल! वडी काय तुमच्या चष्म्याची करायची आहे का?” असं म्हणून बायकोने पान काढून घेतलं. पण तोवर मला अण्णांचा चष्मा आठवला होता.

चष्म्यावरचा लेप म्हणजे काही रंगाचा हात नव्हे. प्लॅस्टिकच्या भिंगावर आधी ओरखडे पडू नयेत म्हणून एक कडक थर, त्यावर दिव्यांची चमक मारणारे थर, आणि सगळ्यांत वर हा पाणी-तेल झटकणारा थर. तो बहुधा फ्लोरीनयुक्त रसायनाचा असतो आणि जाडीने मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या एकदोन पट भरतो. अशा थरावर पावसात भिजलेली धूळ पडते. रस्त्याची माती, रुळांवरचं लोखंड, बांधकामांची वाळू, सगळं त्यात असतं. वरून आपण शर्टाचं टोक घेऊन दाबून गोल गोल फिरवतो. याला आपण पुसणं म्हणतो. सुतार यालाच पॉलिश पेपर मारणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अण्णांना मी बँकेच्या नळाखाली नेलं. त्यांचा चष्मा पाण्याखाली धरला. दोन्ही काचांवर पाणी सपाट पसरलं. “बघा, मेलाय लेप!” अण्णा म्हणाले. मी म्हटलं, “मेलाय की झोपलाय, ते अजून ठरायचंय.” कारण लेप शाबूत असला आणि वर तेलाचा पापुद्रा बसला, तरी पाणी पसरतंच. आधी दहाएक सेकंद नुसत्या थंड पाण्याची धार सोडली, म्हणजे खर वाहून जावा. मग बोटाच्या टोकावर भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब घेऊन काचा दोन्ही बाजूंनी, कडा, नाकावरच्या गाद्या आणि फ्रेमची खाच हळुवार फिरवून घेतली. तेलाचा खजिना काचेवर नसतो, त्या खाचेत असतो. पाऊस लागला की तो तिथून काचेवर उतरतो. हात धुवायचा सुवासिक, त्वचा मऊ ठेवणारा साबण इथे चालत नाही, कारण त्वचेला मऊ ठेवणारा तो तेलकट अंश काचेवरही मागे राहतो. साबण पूर्ण धुऊन काढला आणि पुन्हा धार सोडली.

उजवी काच मोत्यांनी भरली. अण्णा बघतच राहिले. दीड वर्षाचा मेलेला लेप खोबरेल तेलाखाली नुसता झोपला होता. डाव्या काचेवर मात्र कडेने मोती आणि मधोमध डबकं. डबक्याचा आकार रुपयाच्या नाण्याएवढा. मी अण्णांना विचारलं, “तुम्ही चष्मा कसा पुसता?” त्यांनी डाव्या हातात काडी धरली, डाव्या काचेवर उजवा अंगठा ठेवला आणि सवयीने फिरवून दाखवला. अंगठा बरोबर डबक्यावर बसला. अण्णा म्हणाले, “म्हणजे लूट केली ती...” आणि अंगठ्याकडे बघून गप्प झाले.

तेव्हा परीक्षा साधी आहे, दुकानदाराला विचारायलाही नको. धुतल्यावर सगळीकडे मोती झाले तर लेप जिवंत. न धुता पाणी पसरलं तर तेल. धुऊनही मधेच पसरलं तर अंगठा. तिसऱ्या परिस्थितीत उपाय नाही. घरी लेप पुन्हा चढवता येत नाही, नवी काच घ्यायच्या वेळी विचार करावा. नीट वापरलेला लेपसुद्धा काही वर्षांनी विरतोच, पण काही वर्षांनी विरणं आणि एका पावसाळ्यात घासून टाकणं यात फरक आहे.

आता वाचक विचारील, पुसायचं नाही तर थेंबांचं करायचं काय? झटकायचे. लेपाचा खरा उपयोग इथे आहे आणि तो मला कुठल्याही दुकानात कोणी सांगितला नाही. लेप थेंबाला आपोआप पळवत नाही, पण त्याची पकड ढिली ठेवतो. चष्मा काढायचा, दोन्ही काड्या मुठीत, काचा खाली, आजूबाजूला कोणी नाही असं बघायचं, आणि पूर्वी पाऱ्याचा थर्मामीटर झटकत तसे मनगटाने दोन झटके. वाऱ्याने करायचं काम मनगट करतं. जिवंत लेपावरचे बहुतेक थेंब निघून जातात. तेलकट काचेवर झटकूनही पाण्याचा पापुद्रा चिकटून राहतो. खालच्या कडेला जे चारदोन उरतात, त्यांना कोरड्या फडक्याचं टोक नुसतं टेकवायचं. फडकं पाणी आपण होऊन ओढून घेतं. मराठीत याला टिपणं असा स्वतंत्र शब्द आहे, आणि ज्यांच्या वडिलांनी टिपकागद वापरला आहे त्यांना टिपणं आणि पुसणं यातला फरक समजावून सांगायला नको. ओल्या शाईवरून कोणी टिपकागद घासत नसे.

फडकं चष्म्याबरोबर मिळतं ते मऊ बारीक धाग्याचं. ते खिशात मोकळं ठेवलं तर तासाभरात त्याचा रुमाल होतो. मी दोन ठेवतो, दोन्ही तोंड बंद होणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक प्लॅटफॉर्मवर ओलं टिपायला, दुसरं बँकेत धुतलेला चष्मा कोरडा करायला. आठवड्याला दोन्ही साध्या साबणाने धुवायची; कपडे मऊ करणारा द्रव त्यांना लावायचा नाही, तो पुन्हा काचेवरच येतो.

आणखी एक शत्रू राहिला. तो थेंबासारखा उघड येत नाही. संध्याकाळी मी बँकेतून बाहेर पडतो, वर छप्पर आहे, पावसाचा थेंब लागलेला नाही, आणि दोन पावलांत चष्मा पांढरा. हे लेपाचं अपयश नव्हे. शाखेत एसी २३ अंशांवर असतो आणि काचाही तितक्याच थंड. बाहेर समजा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेतली वाफ २५ अंशांच्या आसपास पाणी होऊ लागते. माझी काच त्याहून थंड, म्हणून बाहेरची वाफ तिच्यावर येऊन बसते, फ्रिजमधल्या बाटलीवर बसते तशी. इथे पाणी झटकणारा लेप काहीच करू शकत नाही. त्याच्यावरही धुकं बारीक मण्यांचं बसतं आणि त्यातून आरपार दिसत नाही. धुक्यावर जो उपाय असतो तो नेमका उलट असतो : काचेला पाणी आवडेल असं करायचं, म्हणजे मणी न होता सपाट पापुद्रा होतो. साबणाचा सूक्ष्म थर ठेवून चोळायची जुनी युक्ती हेच करते. पण त्या थराने लेपाचे मोती बंद, आणि पावसात तो साबण वाहून डोळ्यांत.

म्हणजे ही दुहेरी नोंद आहे. थेंबांच्या खात्यात जमा केलंत की धुक्याच्या खात्यात नावे पडतं. एका पृष्ठभागाने एकाच वेळी पाणी हाकलावं आणि पाण्याला मिठीही मारावी, अशी अपेक्षा करू नये. जो विक्रेता दोन्ही पूर्ण देतो म्हणेल त्याला ताळेबंद मागावा. मी धुक्यासाठी काहीच लावत नाही. निघण्याआधी पाच मिनिटं चष्मा घडीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी ठेवतो आणि टेबल अंदाजाने आवरतो. अंगाच्या उबेने काच गरम होते आणि बाहेर आल्यावर धुकं धरत नाही. कधी विसरलो तर दारात दोन मिनिटं उभा राहतो. काच तापली की धुकं आपोआप जातं. पुसलं तर पुन्हा येतं, कारण पुसण्याने काच गरम होत नाही, फक्त माणूस तापतो.

शेवटी जो उपाय सगळ्यांत गुणकारी आहे तो सांगतो. दुकानदार तो सांगत नाही, कारण तो त्याच्याकडे नसतो. टोपी. पुढे सात-आठ सेंटिमीटरचं ताठ पान असलेली, क्रिकेटची पोरं घालतात ती. स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर मी १२० रुपयांना घेतली. पडून गेलेल्या थेंबाशी लेप झुंजतो; टोपी थेंबाला मुळात येऊच देत नाही. रेनकोटाचं टोपरं हे काम करत नाही; ते डोळ्यांवर घसरतं आणि मान वळवली तरी आपण सरळच बघत राहतं. टोपीवर टोपरं घातलं तर टोपीचं पान त्याला वर उचलून धरतं. छत्रीखालीही टोपी हवी. दुसऱ्यांच्या छत्र्यांच्या काड्यांवरून जे पाणी ओघळतं ते आपल्या छत्रीच्या कडेखालून बरोबर नाकावर येतं. छत्रीखाली टोपी घातलेला माणूस विनोदी दिसतो, हे मला मान्य आहे. पण त्याला स्कूटर दिसते.

वाऱ्याने पाऊस सपाट आडवा झाला तर टोपीही हरते, लेपही हरतो. त्यावर उपाय एकच : छप्पर शोधायचं, चष्मा झटकायचा, टिपायचा, आणि मगच रस्त्यावर पाय टाकायचा. रस्ता ओलांडताना नव्हे, ओलांडण्याआधी.

परवा असाच स्टेशनाबाहेर छपराखाली उभा राहून थर्मामीटर झटकत होतो, तर मागून तोच आवाज आला : “पुसा की राव, अडवून ठेवलाय रस्ता!” मी वळून बघितलं. गृहस्थांना हल्लीच चष्मा लागलेला दिसत होता. काचांवर पाणी साचलं होतं आणि हातात रुमाल तयार होता. मी त्यांना जागा करून दिली आणि खिशातलं दुसरं फडकं पुढे केलं. “घासू नका,” म्हटलं, “नुसतं टेकवा.” त्यांनी माझ्या टोपीकडे बघितलं, मग फडक्याकडे, आणि मग तेही छपराखाली थांबले.